टेकडीवरची घाणेरी मोजायला क्वाड्रॅट किती टाकायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस उघडला की नाशिकच्या आसपासच्या टेकड्यांवर प्रोजेक्टवाली पोरं टेप आणि सुतळी घेऊन फिरायला लागतात आणि दरवर्षी माझ्याकडे साधारण तेच प्रश्न येतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. उदाहरण सगळीकडे एकच घेतलंय, गंगापूर धरणाच्या बाजूला असतात तसा चार हेक्टरचा एक टेकडीउतार, मधून एक ओहोळ गेलाय, वरती उघडं माळरान, आणि प्रश्न एवढाच की इथे हेक्टरी घाणेरीची झुडपं किती. क्वाड्रॅट म्हणजे मोजणीसाठी जमिनीवर आखलेला ठरावीक मापाचा चौकोन, त्यातली झुडपं मोजून सगळ्या उताराचा अंदाज काढायचा. आकडे हिशोब दाखवायला घेतलेत, पण असे आकडे अशा उतारावर अगदी सहज येतात.

दहा क्वाड्रॅट टाकले तर चालतील का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. मी उलट विचारतो, कशासाठी चालतील? कारण "दहा" हा आकडा कुठून आला हे विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर येतं की मागच्या बॅचने दहा टाकले होते. किती क्वाड्रॅट लागतील हे दोनच गोष्टींवर ठरतं, झाडं जागेवर किती विस्कळीत किंवा किती गुच्छागुच्छाने उगवलीत, आणि तुम्हाला उत्तर किती नेमकं हवंय. उतार चार हेक्टरचा आहे का चाळीस हेक्टरचा याने जवळपास फरक पडत नाही, हे पहिल्यांदा ऐकलं की कुणालाच पटत नाही, पण भातातलं शीत चाचपताना पातेलं लहान का मोठं हे आपण बघत नाही, भात नीट ढवळलाय का ते बघतो, तसंच आहे हे. आणि घाणेरीचा भात कधीच ढवळलेला नसतो, सगळी अडचण तिथेच आहे.

म्हणून दहा क्वाड्रॅट हे पायलट, म्हणजे आधीची चाचणी मोजणी, म्हणून उत्तम. शेवटचं उत्तर म्हणून जवळजवळ कधीच नाही. का ते खाली आकड्यांनी दाखवतो.

क्वाड्रॅट केवढा घ्यायचा? कॉलेजमध्ये एक बाय एक मीटरची लोखंडी चौकट आहे, तीच वापरू का?

ती चौकट गवताला, टाकळ्याला, गाजर गवताला ठीक आहे. घाणेरीचं एक चांगलं वाढलेलं झुडूपच दोन मीटर पसरतं, ते चौकटीत मावणार कसं? झुडपांसाठी पाच बाय पाच मीटर घ्या. चार खुंट्या, नायलॉनची दोरी, आणि कर्ण मोजून बघा, दोन्ही कर्ण सात मीटर सात सेंटीमीटरच्या आसपास आले की चौकोन काटकोनात बसला. कर्ण न मोजता डोळ्यांनी लावलेला चौकोन हमखास तिरपा होतो आणि तिरपा झाला की क्षेत्रफळ कमी भरतं, मग पुढचा सगळा हिशोब गंडतो.

लहान चौकटीचा दुसरा तोटा म्हणजे कडा. एक बाय एक मध्ये दर चौरस मीटरला चार मीटर कड येते, पाच बाय पाच मध्ये फक्त ऐंशी सेंटीमीटर. जितकी कड जास्त तितके "हे आत का बाहेर" असे वाद जास्त, आणि माणसाचा कल नेहमी आत घेण्याकडे असतो. हे मी खूप वेळा बघितलंय, दोरीवर आलेलं झुडूप कुणालाच सोडवत नाही. त्याला उपाय सोपा आहे, बुंधा कुठे आहे तेच बघायचं, फांद्या कितीही आत आल्या तरी बुंधा बाहेर तर झुडूप बाहेर. आणि बुंधा बरोब्बर दोरीखाली असेल तर उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या कडेवरचे घ्यायचे, दक्षिण आणि पूर्वेचे सोडायचे, हे घरीच ठरवून जायचं.

घाणेरीचं "एक झुडूप" म्हणजे नेमकं काय धरायचं?

घाणेरी तोडली की बुडातून पुन्हा पाच-सहा फोक येतात, आणि जमिनीला टेकलेली फांदी तिथेच मूळ धरते, त्यामुळे वरून बघितलं तर एक मोठं जाळं दिसतं आणि आत किती झाडं आहेत ते कळत नाही. एक पोरगी मोजते आठ, दुसरा मोजतो तीन, दोघांचंही त्यांच्या परीने बरोबर! म्हणून नियम लिहून ठेवा. मी वापरतो तो असा, जमिनीतून एका बुडातून निघालेले सगळे फोक मिळून एक, आणि दोन बुडांमध्ये वीस सेंटीमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर दोन. अर्धा मीटरपेक्षा बुटकी रोपं वेगळ्या रकान्यात. हा नियम काही दगडावरची रेघ नाही, तुम्ही वेगळा करा, पण सगळ्या क्वाड्रॅटना एकच हवा आणि रिपोर्टात लिहिलेला हवा. आणि आत शिरायला जाड पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घ्या, खोडावरचे काटे ओरबाडतात म्हणून लोक बाहेरूनच वाकून अंदाजे आकडा लिहितात आणि दाट जाळ्यात अंदाज बहुतेक कमीच येतो.

चौकट पाठीमागे फेकली म्हणजे रँडम झालं ना?

नाही हो. फेकणारा उभा कुठे होता? पायवाटेवर. चौकट गेली कुठे? पायवाटेपासून पाच-सात मीटरवर, आणि जिथे काटे नाहीत तिथेच, कारण जाळ्यात पडली तर काढायची कुणी. अशाने पायवाटेकडेची घनता मिळते, उताराची नाही.

नकाशावर उताराचा चौकोन आखा, आडवं आणि उभं अंतर मीटरमध्ये, आणि रँडम आकड्यांच्या जोड्या घरीच काढून ठेवा. जीपीएस मोबाईलमधलं असेल तर काही मीटर चूक येणारच, त्यामुळे बिंदूजवळ पोचल्यावर "इथे बरं दिसतंय" म्हणून थांबायचं नाही, स्क्रीनवर अंतर शून्याला आलं की ज्या जागी पाय असेल तिथेच पहिली खुंटी. जागा जाळ्यात आली तरी तीच. पोचताच येत नाही म्हणून सोडलेले बिंदू सगळ्यात दाट घाणेरीतले असतात, ते सोडले की उत्तर कमी येणार हे ठरलेलंच. खरंच कड्यावर किंवा पाण्यात बिंदू आला तर तो अभ्यासक्षेत्रातूनच वगळा आणि तेवढं क्षेत्रफळही वजा करा.

पायलटच्या आकड्यांवरून क्वाड्रॅटची संख्या कशी काढायची?

आता मुद्द्याचं. समजा आपल्या उतारावर दहा पायलट क्वाड्रॅट टाकले आणि झुडपं अशी मिळाली: ०, २, ०, ५, १, ०, ९, ३, ०, ४. बेरीज २४, सरासरी २.४. एक क्वाड्रॅट २५ चौरस मीटरचा, हेक्टरमध्ये असे ४०० बसतात, म्हणजे हेक्टरी ९६० झुडपं. बरेच रिपोर्ट इथेच संपतात.

पण आकड्यांकडे नीट बघा, चार ठिकाणी शून्य आणि एका ठिकाणी नऊ. आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते सांगणारा व्हेरियन्स येतो ८.७, त्याचं वर्गमूळ म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन २.९५, सरासरीपेक्षाही जास्त. दहा क्वाड्रॅटवर ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल काढला तर २.४ अधिक-उणे २.१ येतो. हेक्टरी सांगायचं तर खरा आकडा साधारण ११५ पासून १८०० पर्यंत कुठेही असू शकतो! एवढ्या पसरट उत्तरावर घाणेरी काढायला किती मजूर लागतील हे कुणी ठरवू शकेल का?

आता किती क्वाड्रॅट हवेत याचं सूत्र:

```
n = (2 × s / (E × m))²
```

यात n म्हणजे लागणारे क्वाड्रॅट, m म्हणजे पायलटची सरासरी, s म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, E म्हणजे सरासरीच्या किती पट चूक चालेल ते, २० टक्के चालणार असेल तर ०.२. आणि २ हा आकडा ९५ टक्क्यांसाठीचा जवळचा टी. आपले आकडे घातले की २ गुणिले २.९५ म्हणजे ५.९, खाली ०.२ गुणिले २.४ म्हणजे ०.४८, भागाकार १२.३, त्याचा वर्ग १५१ आणि थोडं. म्हणजे १५२ क्वाड्रॅट.

३० टक्के चूक चालवून घेतली तर ६८, आणि ५० टक्के चालवली तर २५. चूक अर्धी करायची तर क्वाड्रॅट चौपट लागतात, हे लक्षात ठेवलं तरी अर्धं काम झालं. एक्सेलमध्ये स्टँडर्ड डेव्हिएशनला `=STDEV.S(A1:A10)` वापरा, `STDEV.P` नको, ते सगळी लोकसंख्या मोजली असेल तेव्हाचं आहे.

उतार चारच हेक्टरचा आहे, मग थोडे कमी चालणार नाहीत का?

थोडे चालतील. चार हेक्टरमध्ये पाच बाय पाचचे १६०० चौकोन बसतात, त्यातले १५२ म्हणजे साडेनऊ टक्के जागा तुम्ही मोजूनच टाकणार. त्यामुळे १५१ ला एक अधिक १५१ भागिले १६०० ने भागा, १३९ येतात. बचत तेराची. म्हणूनच वर म्हटलं की क्षेत्रफळाने फारसा फरक पडत नाही, एकूण जागेचा मोठा वाटा मोजत असाल तेव्हाच तो दिसतो.

१५२ क्वाड्रॅट टाकायला आमच्याकडे माणसंही नाहीत आणि दिवसही नाहीत. मग काय करायचं?

इथे गडबडून जाऊन लोक पुन्हा दहावर येतात, तसं करू नका. आधी विचारा की व्हेरियन्स एवढा मोठा आला का. घाणेरीची काळी पिकलेली फळं बुलबुलसारखे पक्षी खातात आणि झाडावर बसून बी खाली टाकतात. झाडं कुठे आहेत? ओहोळाकाठी. ओलही तिथेच. म्हणून ओहोळाच्या पट्ट्यात घाणेरीचं रान आणि वरच्या उघड्या उतारावर एखाद-दुसरं झुडूप. आपण हे दोन वेगळे प्रदेश एकत्र कालवून एकच व्हेरियन्स काढला, तो मोठा येणारच.

मग उताराचे दोन थर करा. समजा नकाशावर ओहोळाचा पट्टा १.६ हेक्टर निघाला, म्हणजे ४० टक्के, आणि उघडा उतार २.४ हेक्टर. पायलटमधले ५, ९, ३, ४ हे ओहोळाच्या पट्ट्यातले, सरासरी ५.२५, व्हेरियन्स ६.९. बाकीचे सहा उघड्यावरचे, सरासरी ०.५, व्हेरियन्स फक्त ०.७. आता सूत्रात एकत्र व्हेरियन्सऐवजी थरांच्या आतला व्हेरियन्स घालायचा, क्षेत्राच्या वाट्याने: ०.४ गुणिले ६.९ अधिक ०.६ गुणिले ०.७, म्हणजे ३.२ च्या आसपास. त्याच २० टक्क्यांसाठी आता ५६ क्वाड्रॅट पुरतात. १५२ चे ५६, एकही जास्त माणूस न घेता!

अजून पुढे जायचं असेल तर क्षेत्राच्या वाट्याने न वाटता, जिथे जागा मोठी आणि आकड्यांतला चढउतार जास्त तिथे जास्त क्वाड्रॅट द्यायचे. तसं केलं तर ४२ वर काम भागतं, २८ ओहोळाकाठी आणि १४ वरती. पण मी पोरांना एवढी कंजुषी करू देत नाही, कारण ओहोळाचा व्हेरियन्स फक्त चार क्वाड्रॅटवरून काढलाय, आणि चार आकड्यांचा व्हेरियन्स फार चंचल असतो. ५६ निघाले तर ६० टाका.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. थरांची सीमा नकाशावरून, ओहोळापासूनच्या अंतरावरून किंवा सॅटेलाइट फोटोतल्या झाडोऱ्यावरून ठरवायची, मोजणीचे आकडे बघून नाही. "जिथे चारपेक्षा जास्त निघाली तो दाट थर" असं केलं की व्हेरियन्स कागदावर कमी होतो, जमिनीवर नाही.

घाणेरी गुच्छात आहे का विखुरलेली, हे कसं ओळखायचं?

व्हेरियन्सला सरासरीने भागा. साधारण एक आलं तर झुडपं कुठेही कशीही उगवलीत. एकपेक्षा बरंच जास्त तर गुच्छात. आपलं ८.७ भागिले २.४ म्हणजे ३.६, स्पष्ट गुच्छ. याचा एक फार कामाचा उपयोग आहे. झुडपं पूर्ण विखुरलेली असतील तर २० टक्के अचूकतेला एकूण १०० झुडपं मोजणीत आली की पुरतात, मग क्वाड्रॅट कितीही लागोत. गुच्छ असेल तर त्या शंभराला या भागाकाराने गुणायचं. आपल्याकडे ३६० च्या आसपास झुडपं मोजावी लागतील, आणि बघा, १५२ गुणिले २.४ केलं तरी तेच येतं. शेतात बसून तोंडी हिशोब करायला हे बरं पडतं.

सरांनी सांगितलं की सरासरीचा आलेख सपाट झाला की थांबायचं, आणि स्पीशीज-एरिया कर्व्ह काढायचा. ते चूक आहे का?

स्पीशीज-एरिया कर्व्ह जाती किती आहेत या प्रश्नासाठी आहे. नवी जात मिळायची थांबली याचा घाणेरीच्या घनतेशी संबंध नाही, घाणेरी तर पहिल्या दोन-चार क्वाड्रॅटमध्येच मिळते.

चालत्या सरासरीचा आलेख मात्र जपून वापरा. क्वाड्रॅट वाढत गेले की प्रत्येक नव्या आकड्याचं वजन आपोआप कमी होत जातं, त्यामुळे आलेख सपाट होणारच, उत्तर बरोबर असो वा नसो. आणि सपाट दिसल्याबरोबर थांबायचं ठरवलं तर नेमकं सलग दोन-तीन सारखे आकडे आले तिथे थांबणं होतं. आलेख काढायचाच असेल तर कॉन्फिडन्स इंटरव्हलची अर्धी रुंदी भागिले सरासरी याचा काढा, तो ०.२ च्या खाली जातोय का ते बघा.

क्वाड्रॅटऐवजी लाइन ट्रान्सेक्ट मारला तर काम लवकर होईल का?

कुठल्या ट्रान्सेक्टबद्दल बोलतोय ते आधी ठरवू, कारण या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी चालतात.

टेप ताणून त्याच्या दोन्ही बाजूला एक-एक मीटर पट्ट्यातली झुडपं मोजली तर तो बेल्ट ट्रान्सेक्ट, म्हणजे लांबट क्वाड्रॅटच. त्यातून घनता सरळ मिळते. आणि टेप ओहोळाला काटकोनात, वरून खाली असा टाकला तर प्रत्येक पट्टा दाट आणि विरळ दोन्ही भागांतून जातो, म्हणून पट्ट्या-पट्ट्यांतला फरक कमी राहतो. ओहोळाला समांतर टाकला तर एक पट्टा भरलेला, दुसरा रिकामा. लांबट पट्ट्याला कड जास्त असते हे मात्र सोसावं लागतं.

दुसरा प्रकार म्हणजे टेपला झुडपाची पसर किती सेंटीमीटर स्पर्श करते ते लिहायचं. त्यातून आच्छादन मिळतं, शंभर मीटर टेपवर २२ मीटर घाणेरी आली तर आच्छादन २२ टक्के. पण पोरं टेपला लागलेली झुडपं मोजून त्याची घनता करतात आणि ती चूक असते, कारण मोठं पसरलेलं झुडूप टेपला लागायची शक्यता जास्त, लहान सुटून जातं. यातून घनता हवीच असेल तर प्रत्येक लागलेल्या झुडपाची टेपच्या काटकोनातली पूर्ण रुंदी मोजा, एक भागिले ती रुंदी काढा, सगळ्यांची बेरीज करा आणि टेपच्या लांबीने भागा. दोन मीटर रुंद झुडपाचं वजन अर्धं, अर्ध्या मीटरच्या झुडपाचं दोन.

तिसरा प्रकार चालत जाऊन दिसलेल्या प्राण्याचं रेषेपासूनचं काटकोनातलं अंतर मोजायचा. येवल्याकडे ममदापूरला काळवीट मोजायचे तर हा. तिथे रेषेवरचं प्रत्येक जनावर दिसलंच पाहिजे आणि ते तुम्हाला बघून हलायच्या आधीच्या जागेचं अंतर घेतलं पाहिजे. त्यासाठी निदान साठ ते ऐंशी वेळा प्राणी किंवा कळप दिसायला हवेत आणि रेषा दहा-वीस तरी हव्यात. गाडीरस्त्यालाच रेषा धरू नका, जनावरं रस्त्यापासून लांब राहतात.

एका ट्रान्सेक्टवर वीस क्वाड्रॅट टाकले, म्हणजे n वीस ना?

नाही, n एकच. एका रेषेवरचे शेजारी क्वाड्रॅट एकाच गुच्छात पडतात, ते एकमेकांसारखे असतात. वीस धरलं की इंटरव्हल खोटा अरुंद येतो. प्रत्येक रेषेची सरासरी काढा आणि रेषांची संख्या n धरा. म्हणून दोन लांब रेषांपेक्षा बारा आखूड रेषा केव्हाही बऱ्या, चालायला कंटाळा येतो तरीसुद्धा.

उतार तिरका आहे, त्याचं काही करायचं का?

करायचं. टेप जमिनीवर टेकवून पाच मीटर धरला आणि उतार तीस अंशांचा असेल तर नकाशावर ते ४.३३ मीटरच भरतात, म्हणजे चौकोन २५ ऐवजी २१.६५ चौरस मीटरचा. हेक्टर आपण नकाशावर मोजतो, त्यामुळे घनता तेरा टक्के कमी येते. टेप आडवा पाण्याच्या पातळीत ताणून धरा, खालच्या बाजूला ओळंबा सोडा, किंवा उताराचा कोन मोजून नंतर दुरुस्त करा. दहा अंशांपर्यंत फरक दीड टक्काच पडतो, तिथे सोडून दिलं तरी चालतं.

शेवटी उत्तर कसं लिहायचं?

समजा ठरल्याप्रमाणे ६० टाकले, २४ ओहोळाच्या पट्ट्यात आणि ३६ वर. ओहोळाकाठी सरासरी ४.५ आली, व्हेरियन्स ७.२, वर सरासरी ०.७५, व्हेरियन्स १.१. उताराची सरासरी ०.४ गुणिले ४.५ अधिक ०.६ गुणिले ०.७५, म्हणजे २.२५, हेक्टरी ९००. तिचा व्हेरियन्स काढायला प्रत्येक थराच्या वाट्याचा वर्ग गुणिले व्हेरियन्स भागिले क्वाड्रॅट, ओहोळाचे ०.०४८ आणि वरचे ०.०११, बेरीज ०.०५९, वर्गमूळ ०.२४३, दुप्पट ०.४८६. हेक्टरी १९४.

म्हणजे रिपोर्टात लिहा: अर्ध्या मीटरहून उंच घाणेरी हेक्टरी ९०० अधिक-उणे १९४, दोन थर, पाच बाय पाच मीटरचे ६० क्वाड्रॅट, एका बुडाचं एक झुडूप, कडेचा नियम अमुक, महिना अमुक. वीस टक्के ठरवले होते, साडेएकवीस आले, तेही लिहा. आणि दोन्ही थरांचे आकडे वेगळे द्या, कारण ओहोळाकाठी हेक्टरी १८०० आणि वरती ३०० असताना नुसत्या ९०० वर विसंबून काढणीचं काम वाटलं तर वरच्या टोळीला मोकळं बसावं लागेल आणि खालच्या टोळीचं काम आठवडाभर लांबेल.